पाल नेमकी कुठे मेली? टीव्ही आणि सेट टॉप बॉक्समधल्या जिवांचा आढावा

नाशिकमध्ये जूनचे दोन-तीन पाऊस होऊन गेले की टीव्ही दुरुस्त करणाऱ्यांकडे काही तक्रारी हमखास येऊ लागतात. बॉक्स सकाळी चालूच होत नाही, दुपारी आपोआप होतो. टीव्हीचा आवाज कुणी हात न लावता वाढत जातो. रिमोट अगदी जवळ नेल्याशिवाय चालत नाही. अर्धे चॅनेल दिसतात, अर्धे गेले. बॉक्स उघडला की बऱ्याचदा आत वाळलेली पाल, मुंग्यांचा थर, झुरळांची विष्ठा किंवा कुंभारीण माशीचे मातीचे घर निघते. ते झाडून काढले, बॉक्स चालू झाला, की काम झाले असे घरातल्यांना वाटते. पुष्कळदा दुरुस्त करणाऱ्यालाही तसेच वाटते.

इथेच माझा आक्षेप आहे. आत कोणता प्राणी शिरला याला फारसे महत्त्व नाही. तो बोर्डाच्या कोणत्या बाजूला मेला, हे पाहायला हवे. एका बाजूला मेलेली पाल म्हणजे निव्वळ डोकेदुखी असते. दुसऱ्या बाजूला मेलेली तेवढीच पाल घरातल्या माणसाला विजेचा धक्का देऊ शकते, आणि तेही बॉक्स व्यवस्थित चालू असताना. सफाई घरी करायची की नाही, दुरुस्ती करायची की बॉक्स टाकून द्यायचा, हे सगळे त्या एका गोष्टीवर ठरते.

त्यासाठी बॉक्सच्या आत काय असते ते थोडे पाहू. ज्या बॉक्सला जाड दोन पिनांची वायर थेट लावलेली असते, त्याच्या आत घरातली २३० व्होल्टची वीज येते. ती आधी फ्यूजमधून जाते, मग डायोडांनी तिची डीसी होते आणि एका फुगीर कपॅसिटरवर साठते. तिथे सुमारे ३२५ व्होल्ट असतात, म्हणजे प्लगमधल्या आकड्यापेक्षाही जास्त. पुढे एक आयसी ही वीज अतिशय वेगाने चालू-बंद करत छोट्या ट्रान्सफॉर्मरमध्ये ढकलते आणि पलीकडे १२, ५, ३.३ असे निरुपद्रवी व्होल्ट निघतात. मुख्य चिप, ट्यूनर, रिमोटचा सेन्सर, बटणे हे सारे या पलीकडच्या भागावर चालते. ट्रान्सफॉर्मरच्या अलीकडचा तो गरम भाग आणि पलीकडचा तो थंड भाग, असे दुरुस्तीवाले म्हणतात. दोन्हींच्या मध्ये बोर्डावर काही मिलिमीटरची मोकळी पट्टी मुद्दाम सोडलेली असते, कधी तिथे आरपार चीरही पाडलेली असते. ही पट्टी ओलांडून फक्त ट्रान्सफॉर्मर, ऑप्टोकपलर नावाचा चार पायांचा लहान आयसी आणि एखादा खास सुरक्षित कपॅसिटर जातो. ऑप्टोकपलर प्रकाशाच्या साहाय्याने निरोप पोहोचवतो, विजेचा थेट संबंध येऊ देत नाही. टीव्हीला, केबलच्या धातूच्या कनेक्टरला किंवा एचडीएमआयच्या टोकाला आपण बिनधास्त हात लावतो तो या पट्टीच्या भरवशावर.

ही पट्टी किती रुंद असावी हे मानकात ठरवताना थोडीफार धूळ बसेल हे धरलेले असते. तिच्यावर आडवी पाल पडेल हे कुणी धरलेले नसते. घरातल्या पालीचे नुसते धड पाच-सहा सेंटिमीटर भरते. पट्टी सहा-आठ मिलिमीटर.

पाल तिथे का जाते, याची कारणे साधी आहेत. पाल थंड रक्ताची, तिला ऊब बाहेरून घ्यावी लागते. नाशिकचा हिवाळा तिच्या दृष्टीने कडक. निफाडजवळच्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातले किमान तापमान दर थंडीत वर्तमानपत्रांत छापून येते आणि शहरातही पारा दहाच्या खाली उतरतो. अशा रात्री भिंतीवरचा एकच कोपरा उबदार राहतो, तो म्हणजे सेट टॉप बॉक्सचा. कारण रिमोटने बंद केला तरी बहुतेक बॉक्स आतून चालूच असतो. फक्त चित्र जाते. पावसाळ्यात कारण बदलते. पहिल्या पावसानंतर वाळवीचे पंखी किडे आणि बारीक चिलटे दिव्याकडे व टीव्हीच्या उजेडाकडे झेपावतात, त्यांच्यामागे पाल येते, आणि भिंत व टीव्ही यांच्यामधली अंधारी फट तिला शिकारीला बसायला आयती मिळते. शिवाय पाल एका वेळी दोन अंडी घालते, बहुधा कोरड्या, अरुंद, कुणाचा हात पोहोचणार नाही अशा जागी. बॉक्सच्या हवेच्या चिरा तिला तशाच वाटतात. पिल्लू तर त्या चिरेतून सहज आत-बाहेर करते.

नाशिकच्या घरांत असे खोके एकाएकी वाढले त्याला एक तारीख आहे. केबलच्या सक्तीच्या डिजिटायझेशनच्या दुसऱ्या टप्प्यात नाशिक शहर होते आणि त्याची मुदत ३१ मार्च २०१३ ही होती. त्याआधी केबलची वायर थेट टीव्हीत जायची. त्यानंतर प्रत्येक टीव्हीशेजारी चोवीस तास कोमट राहणारे, चारही बाजूंनी चिरा असलेले एक खोके आले. हे खोके टीव्हीच्या मागे, लाकडी कपाटात किंवा छताजवळच्या फळीवर ठेवण्याची पद्धत पडली, म्हणजे पालीला हव्या त्या ठिकाणीच.

प्राण्यांमुळे यंत्र अडणे ही काही सेट टॉप बॉक्सची मक्तेदारी नाही. ९ सप्टेंबर १९४७ रोजी अमेरिकेत हार्वर्ड मार्क टू या संगणकाच्या एका रिलेत अडकलेला पतंग सापडला आणि तंत्रज्ञांनी तो चिकटपट्टीने नोंदवहीत चिकटवून ठेवला. ते पान आजही वॉशिंग्टनच्या संग्रहालयात आहे. आपल्याकडे निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागायतदाराला विचारा. विहिरीवरच्या मोटारीच्या स्टार्टरमध्ये पाल किंवा मुंगळे अडकून मोटार न उचलणे हा त्याच्या नेहमीच्या अनुभवातला प्रकार. मुंग्यांच्या बाबतीत एक गोष्ट अभ्यासकांनी पाहून ठेवली आहे. संपर्काच्या जागी धक्का बसून मुंगी मरते तेव्हा ती धोक्याचा गंध सोडते, त्या गंधाने इतर मुंग्या धावून येतात, त्याही मरतात, आणि शेवटी धातूच्या दोन टोकांमध्ये मेलेल्या मुंग्यांचा थर साचतो. त्यामुळे मुंग्या एकदा आल्या की झाडून काढूनही पुन्हा तिथेच येतात. तो गंध पुसला जाईपर्यंत काम अर्धवटच.

आता आधी थंड बाजूचे बिघाड पाहू, कारण विचित्र वाटणारे बहुतेक बिघाड इथलेच असतात. विचित्र अशासाठी, की इथे सरळ शॉर्ट क्वचितच होतो. पालीची लेंडी, तिचा पांढरा भाग, झुरळाची विष्ठा, मेलेल्या शरीरातून झिरपलेला द्रव, या सगळ्यांत क्षार असतात. कोरडे असताना ते वीज नेत नाहीत. हवा दमट झाली की क्षार ओलावा ओढून घेतात आणि बोर्डाच्या दोन रेषांमध्ये एक पातळ, अर्धवट वीज नेणारा थर तयार होतो. म्हणून बिघाड ऋतूप्रमाणे आणि वेळेप्रमाणे येतो-जातो. सकाळी ओल असते तेव्हा बिघाड, दुपारी बॉक्स तापून सुकला की सारे ठीक. जिल्ह्यात इगतपुरीकडे तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि सिन्नर-येवल्याकडे पाचशेच्या आसपास, एवढा फरक आहे. त्यामुळे सारखाच मळलेला बॉक्स एकीकडे महिनोन्‌महिने त्रास देईल आणि दुसरीकडे मालकाला कधी कळणारही नाही.

आवाज आपोआप वाढण्याचे उदाहरण घ्या. बऱ्याच टीव्हींत पुढची किंवा बाजूची सगळी बटणे मिळून एकाच वायरवर असतात. प्रत्येक बटणाला वेगवेगळा रेझिस्टर जोडलेला असतो. बटण दाबले की त्या वायरवर ठरावीक व्होल्टेज येते आणि त्यावरून चिपला कोणते बटण दाबले ते कळते. आता त्या बटणांच्या छोट्या बोर्डावर मुंग्यांनी घाण केली आणि पावसात तिथे थोडा प्रवाह गळू लागला, की वायरवरचे व्होल्टेज सरकते. चिपला वाटते, कुणीतरी आवाज वाढवण्याचे बटण दाबून धरले आहे. कधी मेन्यू उघडतो, कधी टीव्ही स्वतःच एचडीएमआयवर जातो. लोक रिमोट बदलतात, मग मुख्य बोर्ड बदलायला निघतात. अनुभवी दुरुस्तीवाला आधी त्या बटणांच्या बोर्डाची वायर काढून ठेवतो आणि टीव्ही रिमोटने चालवून पाहतो. दोष थांबला, म्हणजे दोष त्या बोटभर बोर्डावरच होता, मुख्य बोर्डाचा खर्च वाचला.

अर्धे चॅनेल जाण्याचा प्रकार डिश अँटेनाच्या बॉक्समध्ये होतो. छतावरच्या डिशच्या तोंडाशी असलेल्या एलएनबीला वीज याच बॉक्सकडून, त्याच केबलमधून जाते. एका प्रकारच्या लहरींसाठी १३ व्होल्ट आणि दुसऱ्या प्रकारच्या लहरींसाठी १८ व्होल्ट. त्या व्होल्टेजच्या भागावर घाण बसून वीज गळू लागली की १३ पर्यंत जमते, १८ पर्यंत जमत नाही. मग एका गटातले चॅनेल दिसतात, दुसऱ्या गटात सिग्नल नाही असा संदेश येतो. मालक डिश हलवायला छतावर चढतो, तर दोष खाली खोक्यात असतो. अर्थात हेच लक्षण जुन्या, कमजोर झालेल्या कपॅसिटरनेही येते, म्हणून दर वेळी पालीवर आळ घेऊ नये. २०१३ च्या सुमाराचे अनेक बॉक्स अजून वापरात आहेत आणि त्यांचे कपॅसिटर वर फुगलेले असतात. दोघांत फरक करायची एक बऱ्यापैकी खूण आहे. घाणीचा बिघाड हवामानाबरोबर येतो आणि जातो. कपॅसिटरचा बिघाड महिन्यागणिक वाढतच जातो.

रिमोट जवळ न्यावा लागणे हा सगळ्यांत सोपा दोष. सेन्सरच्या काचेमागे कोळ्याचे जाळे किंवा अंड्याचे कवच असते, तेवढे निघाले की संपले. एलईडी टीव्हीच्या पडद्यामागे बारीक किडा चालताना दिसणे हाही असाच, पण त्यात एक धोका आहे. किडा पडद्याच्या काचेमागच्या प्रकाश पसरवणाऱ्या पातळ शीटांमध्ये असतो. बाहेरून बोटाने दाबला तर तो तिथेच चिरडतो आणि काळा ठिपका कायमचा राहतो. पॅनेल पूर्ण उघडल्याशिवाय तो निघत नाही. टीव्ही बंद करावा, खोली अंधारी करावी आणि पडद्याच्या कडेजवळ एखादा लहान दिवा ठेवून वाट पाहावी. जिवंत किडा बहुधा उजेडाकडे सरकून बाहेर पडतो.

गरम बाजूची गोष्ट वेगळी. तिच्यासाठी पंचवटीतल्या एका घरातल्या बॉक्सची हकिकत सविस्तर सांगतो, कारण त्यात सगळे टप्पे आहेत. केबलचा बॉक्स, आतच पॉवर सप्लाय असलेला. जुलैत सकाळी त्याचा लाल दिवा लुकलुकायचा, आतून बारीक टिक-टिक आवाज यायचा आणि अकराच्या सुमारास तो मुकाट्याने चालू व्हायचा. घरातल्या आजींनी एक गोष्ट सांगितली होती, ती कुणी मनावर घेतली नव्हती: केबलची पिन काढताना हाताला झिणझिण्या येतात. मग एका रात्री चटचट आवाज आला, जळका वास सुटला आणि बॉक्स पूर्ण बंद पडला.

दुरुस्तीवाल्याने झाकण उघडले तेव्हा पालीचे वाळलेले पिल्लू ऑप्टोकपलरच्या पायांवर आडवे होते. डोके थंड बाजूला, शेपूट गरम बाजूला. सकाळच्या टिक-टिकीचे कारण तिथेच उघड होते. ऑप्टोकपलरच्या गरम बाजूच्या दोन पायांमध्ये ओल्या घाणीतून प्रवाह गळत होता. पॉवरच्या आयसीला त्याचा अर्थ असा लागत होता की पलीकडे व्होल्टेज पुरेसे आहे, वीज कमी कर. तो वीज कमी करायचा, बॉक्स बंद पडायचा, आयसी पुन्हा सुरुवात करायचा. दुपारी घाण सुकली की हे थांबायचे.

फ्यूज शाबूत होता, म्हणून दुरुस्तीवाल्याने हात लावण्याआधी मोठ्या कपॅसिटरवर मल्टिमीटर धरला. प्लग काढून बराच वेळ झाला होता, तरी तिथे २९० व्होल्ट होते. हा मुद्दा नीट समजून घ्यावा. बॉक्स चालू असतो तेव्हा प्लग काढल्यावर आयसी ती साठलेली वीज काही क्षणांत खाऊन टाकतो. आयसीच मेलेला असेल तर खाणारा कुणी उरत नाही आणि कपॅसिटर भरलेलाच राहतो. म्हणजे पूर्ण मेलेला बॉक्स चालू बॉक्सपेक्षा उघडायला अधिक धोक्याचा. त्याने दहा हजार ओहमचा, दहा वॅटचा रेझिस्टर इन्सुलेशन असलेल्या चिमट्यांनी कपॅसिटरच्या दोन टोकांना लावून तो रिकामा केला आणि पुन्हा मोजून शून्याची खात्री केली. स्क्रू ड्रायव्हरने ठिणगी पाडून रिकामा करण्याची पद्धत काही ठिकाणी दिसते, ती चुकीची आहे. तिने बोर्डाची रेष उडते आणि वितळलेल्या धातूचा कण डोळ्यात जाऊ शकतो.

पिल्लू चिमट्याने काढले. खालची जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुतली. घाण गेली, पण पट्टीवर एक तपकिरी-काळी रेघ उरली. ठिणग्यांनी बोर्डाचा पृष्ठभागच जळून त्याचा कोळसा झाला होता, आणि कोळसा वीज नेतो. अल्कोहोलने तो जात नाही. या ठिकाणी अनेक जण आयसी बदलतात, साठ वॅटचा बल्ब सिरीजमध्ये लावून पाहतात, बल्ब क्षणभर पेटून विझतो, बॉक्स चालू होतो आणि ग्राहक पैसे देऊन जातो. सिरीज बल्बची चाचणी चांगली आहे, पण तिने फक्त गरम बाजूला शॉर्ट नाही एवढेच कळते. गरम आणि थंड बाजूंमधला पडदा शाबूत आहे की नाही, हे तिने कळत नाही.

ते तपासायला या दुरुस्तीवाल्याने ५०० व्होल्टचा मेगर काढला. प्लगच्या दोन्ही पिना एकत्र बांधून एक टोक त्यांना, दुसरे टोक केबलच्या धातूच्या कनेक्टरला. टीव्ही व तत्सम उपकरणांच्या सुरक्षेसाठी आयएस ६१६ हे भारतीय मानक आहे. त्यात दुहेरी इन्सुलेशनला किमान ४ मेगाओहमची अपेक्षा आहे. इथे रीडिंग एका मेगाओहमच्याही खाली होते. कोळसा खरवडून काढल्यावर ते वाढले, पण स्थिर राहीना. स्वस्त पॉवर सप्लायचा बोर्ड कागदी थरांचा असतो, तो आतपर्यंत जळतो आणि ओल धरतो. त्याने बॉक्स परत जोडायला नकार दिला. पॉवरचा भाग मुख्य बोर्डावरच असल्याने नुसता तो बदलणे शक्य नव्हते, म्हणून बॉक्स बाद केला. माझ्या मते त्या दिवशी नाशिकमध्ये त्याहून चांगली दुरुस्ती झाली नसेल.

आजींच्या झिणझिण्यांबद्दल एक खुलासा. अर्थिंग नसलेल्या दोन पिनांच्या उपकरणांत त्या सुरक्षित कपॅसिटरमधून अगदी किंचित प्रवाह थंड बाजूला येतो आणि धातूला हात फिरवताना हलकी चुणचुण जाणवू शकते. ती नेहमीचीच असेल तर घाबरू नये. पण आधी नव्हती आणि आता येते, किंवा पावसाळ्यात वाढते, तर तो निरोप समजावा. प्लग काढावा आणि त्या बॉक्सला पुन्हा वीज देऊ नये.

आता सफाईकडे येऊ. घरी काय करता येईल याची सीमारेषा वायर पाहून ठरते. बॉक्सला बाहेरून अडॅप्टर असेल, म्हणजे भिंतीत काळा ठोकळा आणि बॉक्समध्ये बारीक गोल पिन, तर २३० व्होल्ट त्या ठोकळ्यातच संपतात. बॉक्समध्ये साधारण १२ व्होल्टच येतात. असा बॉक्स पिन काढल्यावर घरी उघडून साफ करायला हरकत नाही. मात्र तो भाड्याचा असेल किंवा त्यावर सील असेल, तर आधी केबलवाल्याला सांगावे. अडॅप्टर मात्र कधीच उघडू नये. जाड वायर थेट आत जात असेल तर बॉक्स घरी उघडू नये. आणि टीव्ही कोणताही असो, घरी उघडू नये. एलईडी टीव्हीचा पॉवर सप्लाय बहुतेक आतच असतो आणि त्यातला कपॅसिटर बॉक्सच्या कपॅसिटरपेक्षा कितीतरी मोठा असतो. कुणाकडे अजून जुना पिक्चर ट्यूबचा टीव्ही असेल, तर त्या ट्यूबवर वीस-पंचवीस हजार व्होल्ट असतात आणि बंद केल्यावरही कित्येक दिवस काही भार टिकून राहू शकतो.

न उघडता करायची सफाई अशी. रिमोटने नव्हे, भिंतीवरचे बटण बंद करून प्लग उपसून काढावा. केबल, एचडीएमआय, सगळ्या वायरी काढाव्यात. जिवंत पाल आत असेल तर बॉक्स गॅलरीत जुन्या कापडावर रात्रभर तसाच ठेवावा. ऊब गेली की पाल स्वतःहून निघते, ठोकून काढायची गरज नाही, आणि ठोकल्याने ती बोर्डाच्या खालीच दडते. सकाळी चिरा खाली करून बॉक्स हलकेच हलवावा आणि कोरड्या मऊ ब्रशने चिरांवरची धूळ, जाळी काढावी. झुरळे असतील तर बॉक्स मोठ्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून, शेजारी झुरळांच्या जेलचा थेंब कागदावर ठेवून, पिशवी काही दिवस बंद ठेवावी. जेल बॉक्सच्या आत कधीही लावू नये.

अडॅप्टरचा बॉक्स उघडलाच, तर हातमोजे आणि मास्क घालावा. पाल विषारी नसते, पण तिच्या विष्ठेतून सॅल्मोनेला हे पोट बिघडवणारे जंतू येऊ शकतात आणि वाळलेली विष्ठा ब्रशने उडते. उघडल्यावर आधी मोबाइलवर फोटो काढावा, म्हणजे कुठे काय होते ते दुरुस्तीवाल्यालाही दाखवता येते. मोठा कचरा चिमट्याने उचलावा, घासू नये. मग इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळणारे ९९ टक्क्यांचे आयसोप्रोपिल अल्कोहोल ब्रशला लावून डागाच्या जागी फिरवावे आणि विरघळलेली घाण लगेच टिश्यूने टिपून घ्यावी. ही टिपण्याची पायरी लोक गाळतात. न टिपता नुसते घासत राहिले तर क्षार अल्कोहोलबरोबर पसरतात आणि चिपच्या पायांखाली जाऊन बसतात. टिश्यू पांढरा राहीपर्यंत हे पुन्हा करावे. बोर्डावर हिरवट गंज दिसला तर समजावे की तांब्याची रेष खाल्ली जात आहे, तिथे पुढचे काम दुरुस्तीवाल्याचे. अल्कोहोल पेट घेते, म्हणून जवळ देवापुढचा दिवा, गॅस, उदबत्ती काही नको. खिडकी उघडी असावी आणि नंतर बॉक्स पंख्याखाली काही तास सुकू द्यावा. टीव्हीच्या पडद्याला मात्र हे अल्कोहोल लावू नये, पडद्याचा थर खराब होतो. तिथे किंचित ओलसर मऊ कापड पुरे. शेवटी हात साबणाने धुवावेत.

पहिल्यांदा वीज देताना समोर थांबावे. वास, आवाज, प्रमाणाबाहेरची उष्णता यांपैकी काही जाणवले तर भिंतीवरून बंद करावे. फ्यूज उडाला, घरातला एमसीबी किंवा ईएलसीबी पडला, बोर्डावर तपकिरी-काळा डाग दिसला, तर घरची सफाई तिथे संपली. फ्यूजच्या जागी वायरचा तुकडा तर कधीच घालू नये. त्याने पुढची पाल मरेल तेव्हा आग लागेल. आग लागलीच तर पाणी मारू नये. मुख्य स्विच बंद करून अग्निशमन दलाला १०१ वर कळवावे.

काही उपाय हौसेने केले जातात, तेही सांगायला हवेत. चिरांमधून कीटकनाशकाचा फवारा मारणे सगळ्यांत वाईट. डब्यातला वायू ज्वलनशील असतो, द्रव तेलकट असतो आणि आत चालू वीज असते. पंक्चरच्या दुकानात नेऊन हवा मारून आणणेही बरे नाही, कारण कंप्रेसरच्या हवेत पाणी आणि तेल असते आणि जोराने कचरा नेमका त्या पट्टीत जाऊन बसतो. डांबरगोळी उबदार बॉक्सवर ठेवली की तिची वाफ खोलीभर पसरते. ती लहान मुलांना घातक ठरू शकते आणि काही प्लास्टिकही मऊ पाडते. अंड्याची टरफले आणि मोरपिसे यांनी पाल जाते याला आधार नाही. चिरा चिकटपट्टीने बंद करणे किंवा वर रुमाल घालणे याने प्राणी आत जात नाहीत हे खरे, पण बॉक्स तापतो, आणि तापमान दहा अंशांनी वाढले की अशा कपॅसिटरचे आयुष्य साधारण निम्मे होते. मच्छरदाणीची जाळी चिरांवर लावणारे मी पाहिले आहेत. ती पालीला अडवते, मुंगीला नाही, आणि दोन महिन्यांत धुळीने बुजते. दर महिन्याला ब्रश मारणार असाल तरच लावावी.

खरा फरक जागेने पडतो. बॉक्स ट्यूबलाइटच्या खाली किंवा शेजारी नको, कारण किडे आणि पाल तिथेच असतात. भिंतीपासून चार बोटे पुढे, मोकळ्या फळीवर, उजेडात दिसेल असा ठेवावा. केबल भिंतीतून जिथे आत येते ते भोक पुट्टीने बुजवावे, मुंग्या बहुधा वायरीवरूनच उतरतात. मुंग्यांच्या खडूची रेघ फळीच्या पायांवर ओढावी, बॉक्सवर नाही. आणि रात्री झोपताना भिंतीवरचे बटण बंद करावे. सकाळी बॉक्स सुरू व्हायला दोन-चार मिनिटे जास्त लागतात, पण रात्रभर थंड असलेल्या खोक्यात पालीला शिरायचे कारण उरत नाही. थंडीत हा उपाय सगळ्यांत उपयोगी.

वॉरंटीच्या भरवशावर राहू नये. पाल, झुरळ, उंदीर यांच्यामुळे झालेले नुकसान वगळल्याची ओळ अनेक टीव्हींच्या वॉरंटी कार्डावर बारीक अक्षरांत असते. टीव्ही घेताना ती वाचून घ्यावी. आणि प्राणी निघालेला बॉक्स दुरुस्त होऊन आला, की बिलाबरोबर एकच गोष्ट विचारावी: पाल कोणत्या बाजूला होती, आणि गरम बाजूला असेल तर मेगरचे रीडिंग किती आले. ज्याने मेगर लावलाच नाही, त्याच्याकडून तो बॉक्स घरी आणू नका.